मदत हवी आहे: सबसिडीचे हप्ते चालू असताना प्रीपेमेंट केलं तर?

पीएम आवास शहरी २.० मधून व्याज सबसिडी मंजूर झालीये. लोन २० लाख, फ्लॅट ३५ लाखांच्या आत, उत्पन्न ९ लाखांच्या आत, दोघांच्या नावावर आधीचं पक्कं घर नाही, म्हणजे पात्रतेचा प्रश्न नाही. १.८० लाख एकदम न येता ५ वार्षिक हप्त्यांत थेट लोन खात्यात जमा होणार, पण प्रत्येक वेळी लोन चालू आणि ५०% पेक्षा जास्त मुद्दल बाकी हवं. आता गावची जमीन विकून ११ लाख येतायत, ते भरले तर बाकी ९ लाखच. ब्रांचला विचारलं तर 'पोर्टलवर बघा', पोर्टलवर फक्त स्टेटस दिसतं.

पहिला हप्ता आलाय. आत्ता ११ भरले तर उरलेले चारही जातील ना? आणि ९ च भरून ११ बाकी ठेवले, तर नेहमीच्या ईएमआयने पुढे मुद्दल १० च्या खाली गेल्यावरही हप्ता थांबतो का?