मेन्थॉल ‘हलकी’ नाही, घसा बधिर करते एवढंच

केळीबाग_रावेर: पोरांनी पुदिन्याच्या गारव्याची मेन्थॉल सिगारेट ओढली म्हणून एवढा गहजब कशाला? ती हलकी असते. घसा जळत नाही, खोकला येत नाही, म्हणजे नुकसानही कमीच. साधीपेक्षा ही परवडली.

तापीकाठ: हे वाचून राहवलं नाही. छातीच्या रोग्यांत रोज वावरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा ओढणारा पोरगा धूर तोंडातच खेळवतो, कारण आत घेतला की ठसका लागतो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे तोंडाच्या अस्तरातून त्यातलं निकोटीन फारसं शोषलं जात नाही. फुप्फुसात उतरला तर मात्र काही सेकंदांतच ते मेंदूपर्यंत पोचतं. म्हणजे तोंडातला धूर छातीत जाणं, ही व्यसनाची खरी पायरी आहे, आणि तिथे ठसका आडवा येतो.

मेन्थॉल नेमका तोच ठसका दाबतं. थंडी ओळखणाऱ्या नसांना ते चाळवतं, आणि धुरातल्या ॲक्रोलिनसारख्या वायूंनी होणारी जळजळ कमी जाणवते. धूर होता तेवढाच गरम, तेवढाच विषारी राहतो. पिपरमिंटची गोळी चघळून खोल श्वास घ्या, हवा गारेगार लागेल. खोलीतली हवा मात्र होती तशीच असते.

केळीबाग_रावेर: का भो, मग ती जास्त विषारी म्हणायची? तसा पुरावा दाखवा.

तापीकाठ: तसं मी म्हटलेलंच नाही. एकास एक धरली तर कर्करोगाच्या बाबतीत ती साधीपेक्षा वाईट ठरलेली नाही. पण कमी घातकही ठरलेली नाही. ‘परवडली’ हा शब्द मागे घ्या.

धुळेकर_ताई: माझं सरळ म्हणणं आहे, मेन्थॉलवाला प्रत्येक माणूस जास्त खोल ओढतो. म्हणूनच त्याला सोडवत नाही.

तापीकाठ: ताई, अर्धं बरोबर. जुन्या ओढणाऱ्यांचे झुरके मोजले तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. कुणी मोठा झुरका घेतो, कुणी नाही. सवय लागलेला माणूस आपला निकोटीनचा कोटा कसाही भरून काढतो. फरक पडतो तो नवख्याला, ज्याला अजून आत ओढणंच जमत नसतं.

धुळेकर_ताई: जमू न देणंच बरं. माझा भाचा नंदुरबारहून जळगावला शिकायला आला. साधी सिगारेट त्याने एकदा ओढून फेकली होती. मग मित्राने फिल्टरमध्ये गोळी असलेली दिली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबली की टक् वाजते आणि पुदिन्याचा वास येतो. तो म्हणाला, “मावशी, त्रासच होत नाही.” आता जिना चढला की धापतो, आणि साधीसुद्धा ओढतो. हा पुरावा मला पुरे.

कापूसवाला_अमळनेर: मी पानात पिपरमिंट टाकून खातो. तेही बंद करू का?

तापीकाठ: काका, प्रश्न धुराचा आहे. पानात तंबाखू असेल तर ती थांबवा, पिपरमिंटवर माझा राग नाही.

स्टेशनरोड_भुसावळ: माझी टपरी आहे. सगळे शेवटी आमच्यावरच येतात! 2020 मध्ये राज्याने सुटी सिगारेट-बिडी बंद केली. पाकीट घ्यायची ऐपत हमालाची आहे का? दंड मी भरायचा आणि कारखाना उजळ माथ्याने चालणार?

धुळेकर_ताई: भाऊ, पोरगा पाकीट घेतच नाही, एकच सुटी मागतो. त्या एकीवर ना चित्र, ना इशारा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणाऱ्यांची बाजू घेऊ नका.

स्टेशनरोड_भुसावळ: माझ्याजवळ शाळाच नाही! पोराला मी देत नाही. रात्रपाळीच्या माणसाला एक दिली तर काय पाप झालं?

केळीबाग_रावेर: हमाल बिडी ओढतो, पुदिना नाही. विषय कुठे चाललाय?

स्टेशनरोड_भुसावळ: विषय पोटाचा आहे. तुमची केळी विकली जातात म्हणून तुम्हाला सुचतंय.

तापीकाठ: भाऊ, तुमच्या एका गोष्टीला मान देतो. चव कारखान्यात मिसळली जाते, टपरीवर नाही. म्हणून बंदी तिथेच हवी. युरोपीय संघाने 20 मे 2020 पासून मेन्थॉल सिगारेट बंद केली. लगेच पाकिटात सरकवायची सुवासिक कार्डं बाजारात आली, म्हणजे पळवाट निघतेच. आपल्याकडे 2019 मध्ये ई-सिगारेट बंद झाली, पण ही गोळीवाली राजरोस मिळते.

केळीबाग_रावेर: बरं, ‘हलकी’ म्हणणार नाही. पण मोठ्या माणसाने काय ओढावं हे सरकारने ठरवू नये, यावर मी ठाम आहे.

धुळेकर_ताई: भाचा ओढायला लागला तेव्हा सोळाचा होता. तो मोठा माणूस होता का, सांगा.