शब्दचर्चा: मुलांसाठीच्या गणेशोत्सवाच्या व्हिडिओत ‘बुडवू’ म्हणावं की ‘विसर्जन करू’?

पाटीपेन्सिल
आमच्या मंडळाच्या (जर्मनी) गणेशोत्सवात सभागृहात शिरल्या शिरल्या पडद्यावर दीड-दोन मिनिटांचा स्वागताचा व्हिडिओ दाखवायचा आहे. बघणारी मुलं सहा ते दहा वर्षांची. घरात मराठी ऐकतात, पण बोलतात जर्मन. निवेदन बारा वर्षांची एक मुलगी करणार. मसुदा असा आहे:

“मुलांनो, मंडळाच्या गणेशोत्सवात तुमचं स्वागत! आज बाप्पा आपल्याकडे आले आहेत. गुरुजी त्याची प्राणप्रतिष्ठापना करतील. दहा दिवस तो आपला पाहुणा असेल. शेवटी आपण त्याला पाण्यात बुडवू आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणू.”

‘बुडवू’ कानाला खटकतंय, पण ‘विसर्जन’ मुलांना कळणार नाही. मधला शब्द आहे का?

खडूफळा
विसर्जन म्हणजेच पाण्यात सोडणे. मुलांना तसंच सांगा, ‘पाण्यात सोडू’. शब्द संस्कृत असला तरी अर्थ सरळ आहे. आणि ‘प्राणप्रतिष्ठापना’ काढून ‘स्थापना’ करा, दोन्हींचा अर्थ एकच.

षोडशोपचार
खडूफळा, ‘पाण्यात सोडू’ चालेल, पण विसर्जनाचा अर्थ पाण्यात सोडणे हा नव्हे. सभा विसर्जित होते, विधानसभा विसर्जित होते, तिथे कोणी पाण्यात जात नाही. मूळ अर्थ निरोप देऊन सोडणे, रवाना करणे.

पूजेतला क्रम बघितला की हे उलगडतं. मातीची मूर्ती चौरंगावर ठेवली ती स्थापना. मग मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, ती प्राणप्रतिष्ठा. इथून पुढे ती मूर्ती देव. निघायच्या दिवशी उत्तरपूजा होते. गंध, फूल, नैवेद्य, आरती झाली की अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. त्या वेळच्या श्लोकाचा शेवट ‘पुनरागमनाय च’ असा आहे, म्हणजे परत येण्यासाठी जा. देवाचा निरोप इथेच होतो. त्यानंतर हातात उरते ती माती, आणि ती पाण्याला परत करायची.

म्हणून ‘बाप्पाला बुडवू’ हे वाक्य नुसतं कानाला खटकत नाही, क्रमालाही धरून नाही. बाप्पा आधीच निघालेले असतात. मराठीत माणसं शाळा बुडवतात, कर्ज बुडवतात. देव बुडवत नाहीत.

स्थापना आणि प्राणप्रतिष्ठा एक नाहीत, पण व्हिडिओपुरता त्यांचा फरक समजवायची गरज नाही. दोन्हींना मिळून घरात सगळे ‘गणपती बसवणे’ म्हणतात, तेच वापरा. ‘प्राणप्रतिष्ठापना’ हा जोडाक्षरांचा घास बारा वर्षांच्या मुलीला एका दमात म्हणायला लावलात तर ती तिथेच अडखळेल आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल.

संत्रानगरी
आमच्याकडे नागपूरला ‘गणपती शिरवतात’. ‘शिरवायला चाललो’ म्हटलं की लहान पोरालाही कळतं. पण मंडळात विदर्भाबाहेरची माणसं असतील तर ती ‘काय शिरवलं?’ विचारतील.

माटवी
आणि कोकणात गणपती पोचवायला जातात. ‘पोचवणे’ मुलांना लगेच कळेल, कारण पाहुण्याला स्टेशनवर पोचवतात तेच क्रियापद आहे. मसुद्यात ‘पाहुणा’ आहेच, त्याला ते जुळतं.

षोडशोपचार
‘पोचवणे’ उत्तम. फक्त सगळं ‘पोचवणे’ करून ‘विसर्जन’ शब्द गाळू नका. त्याच सभागृहात फलकावर ‘विसर्जन मिरवणूक ५ वाजता’ लिहिलेलं असणार. मुलाने तो शब्द व्हिडिओत ऐकला नसेल तर फलक त्याच्यासाठी मुकाच. आधी कृती साध्या शब्दांत दाखवा आणि लगेच पुढे नाव द्या: “आपण बाप्पाला पोचवायला जाऊ. यालाच विसर्जन म्हणतात.” नाव आधी आणि अर्थ नंतर केलात तर मूल अनोळखी शब्दावर थांबतं आणि पुढचं वाक्य त्याच्या हातून निसटतं.

बादलीवाला
नदीत मूर्ती सोडायला परवानगी लागते, आधी नगरपालिकेला विचारा. बादली सगळ्यांत सोपी. वीतभर उंचीची कच्च्या शाडूची मूर्ती असेल तर १५ ते २० लिटरची बादली पुरते, पाणी मुकुटाच्या वर हवं. हार, दूर्वा, कापड, मणी आधी काढून घ्या. शाडू रात्रभरात बसतो. सकाळी मूर्ती तशीच कडक उभी असेल तर ती प्लास्टरची आहे किंवा भाजलेली आहे, कितीही ढवळलंत तरी विरघळणार नाही. गाळ फार बारीक असतो, तो घट्ट तसाच कुंडीत ओतू नका, मातीवर पापडी धरते आणि पाणी मुरत नाही. बागेच्या मातीत मिसळून टाका.

पाटीपेन्सिल
बादलीवाला, प्रश्न शब्दाचा होता :) पण यातून एक अडचण लक्षात आली. आमची मोठी मूर्ती फायबरची आहे. ती दरवर्षी खोक्यात परत जाते. बादलीत जाते ती शेजारची छोटी मातीची. व्हिडिओत मात्र मोठीच दिसते.

षोडशोपचार
मग शब्दापेक्षा हे मोठं आहे. ‘बाप्पाला पाण्यात सोडू’ म्हणताना पडद्यावर मोठी मूर्ती दिसली आणि कार्यक्रम संपल्यावर मुलाने तीच गाडीत चढताना पाहिली, तर पहिला प्रश्न तिथेच येणार. यात गैर काही नाही. पुण्याच्या दगडूशेठ गणपतीची मोठी मूर्तीही मिरवणुकीनंतर मंदिरात परत येते. मोठी ती उत्सवमूर्ती, छोटी ती पूजेची. पूजा छोटीची होते, म्हणून पोचवायचीही छोटीच. हे वाक्य येईल तेव्हा कॅमेरा छोट्या मूर्तीच्या जवळ न्या, हातभर अंतरावर, मागे मोठी दिसणार नाही असा. शब्द ‘छोट्या मूर्तीतले बाप्पा’ असे ठेवले की काम झालं.

अनुस्वार
कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. मसुद्यात ‘बाप्पा आले आहेत’, मग ‘त्याची’, मग ‘तो’, मग ‘त्याला’, आणि शेवटी ‘या’. चार वाक्यांत देव दोनदा आदरार्थी, तीनदा एकेरी. मराठी घरात वाढलेल्याला हे कळतही नाही, पण घरच्या मराठीतून क्रियापदं उचलणारं मूल गोंधळतं.

दोन्ही प्रकार खरे आहेत, पण त्यांच्या जागा वेगळ्या. बाप्पाबद्दल सांगताना ‘आले, बसले, निघाले’. बाप्पाशी बोलताना ‘तू’: ‘बाप्पा, मला बुद्धी दे.’ निवेदन बाप्पाबद्दल आहे, म्हणून आदरार्थी, सर्वनाम ‘ते’, ‘त्यांना’. प्रार्थनेचं वाक्य घातलंत तरच ‘तू’.

संत्रानगरी
पण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे तर बाप्पाशीच बोलणं आहे ना? तिथे ‘ये’ का नाही?

अनुस्वार
तिथे माझा नियम मोडतो, खरं आहे. घोषणा जमावाची आहे, पाहुण्याला निरोप देताना गाव बोलतं तशी. एकटं मूल हात जोडतं तेव्हा ‘दे’. यापलीकडे माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

खडूफळा
‘ते’ केलं तर मुलांना देव दूरचा वाटेल. ‘तो आपला पाहुणा’ यात जवळीक आहे. माझं मत ‘तो’लाच.

अनुस्वार
मग शेवटपर्यंत ‘तो’ ठेवा आणि ‘आले’चं ‘आला’ करा. ‘बाप्पा आला’ही मराठीच. मिसळ मात्र नको.

पंचांगवाचक
दोन तपशील. एक, ‘दहा दिवस’. मंडळाचा कार्यक्रम दहा दिवस आहे का? परदेशात बहुतेक एकच शनिवार असतो. मूल ‘दहा दिवस’ ऐकतं आणि संध्याकाळी गणपती गेलेला असतो. “घरी कोणी दीड दिवस ठेवतात, कोणी पाच, कोणी दहा. आपल्या मंडळात बाप्पा आज संध्याकाळपर्यंत आहेत” असं खरं ते सांगा.

दोन, ‘लवकर या’. चलाख मूल विचारेल, लवकर म्हणजे कधी? २०२३ ला गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. दोन वर्षं बाप्पा खरंच लवकर आले. पण २०२६ ला अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबर, म्हणजे अठरा दिवस उशिरा. त्या वर्षी ‘आपण म्हटलं म्हणून लवकर आले’ असलं काही संवादात लिहिलेलं असेल तर व्हिडिओ पुन्हा वापरता येणार नाही. घोषणा ठेवा, तिचा हिशोब ठेवू नका.

षोडशोपचार
आणि मजकुरात ‘आवाहन’ येणार असेल तर उपशीर्षकं लिहिणाऱ्याला बजावा. देवाला बोलावणं ते आवाहन. ‘आव्हान’ म्हणजे ‘हो पुढे, बघतोच तुला’. गणपतीला आव्हान देणारी पत्रकं दरवर्षी छापली जातात.

पाटीपेन्सिल
दुसरा मसुदा:

“नमस्कार! मंडळाच्या गणेशोत्सवात तुमचं स्वागत. आज बाप्पा आपल्याकडे पाहुणे आले आहेत. ही बघा, समोर छोटी मातीची मूर्ती. पूजा करून आपण तिच्यात बाप्पाला बसवलं. आता आरती होईल. टाळ्या सगळ्यांनी वाजवायच्या! मग मोदक. संध्याकाळी आपण छोट्या मूर्तीतल्या बाप्पांना पोचवायला जाऊ. यालाच विसर्जन म्हणतात. आणि सगळे मिळून ओरडू: गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!”

माटवी
छान. ‘बाप्पाला’ आणि ‘बाप्पांना’ दोन्ही आलेत, एक करा. आणि ‘आरती होईल’ ऐवजी ‘आरती करू’. ‘होईल’ म्हटलं की मुलं मागे बसून बघत राहतात.

संत्रानगरी
‘ओरडू’ नको, ‘म्हणू’.

माटवी
सहा वर्षांच्या पोराला ‘ओरडू’च सांगा. ‘म्हणू’ म्हटलंत तर कुजबुजतील.

खडूफळा
वाचून पाहिलं, सावकाश वाचूनही मिनिटभराच्या आत संपतं. दीड मिनिटाचा व्हिडिओ असेल तर बाकी वेळ काय दाखवणार? आणि मी अजूनही ‘तो’वर आहे.

पाटीपेन्सिल
उरलेल्या वेळात शब्द नाहीत. मोदकाच्या पाऱ्या वळणारे हात, ढोल, आणि शेवटी बादली. ‘तो’ की ‘ते’ हे निवेदन करणाऱ्या मुलीला विचारते, ती घरी काय म्हणते ते.