मदत हवी आहे: क्रीमच्या डबीच्या फोटोवरून किती ओळखता येतं?

मंडळी, माझी धाकटी बहीण रंग उजळायचं एक क्रीम बरेच महिने लावतेय. तिच्याकडून डबीचा फोटो मागवला आणि मोठा करून पाहिला. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका.’ साध्या क्रीमला दागिन्यांचं काय वावडं? पारा मात्र या धातूंत मिसळून त्यांची चमक घालवतो, म्हणून ही ओळ सगळ्यात जास्त खटकली. यादीत कॅलोमेल, मर्क्युरस, मर्क्युरिक असं काही दिसत नाही. अर्थात, पारा घालणारा तो यादीत छापेलच असं थोडंच आहे!

यादीचं शेवटचं नाव डबीच्या वळणावर गेलंय, ‘...बेटासोल प्रोपिओ...’ एवढंच वाचता येतं. क्लोबेटासोल असो की हॅलोबेटासोल, दोन्ही अतितीव्र स्टेरॉइड. डॉक्टरांशिवाय चेहऱ्याला लावायची नव्हेतच. उत्पादकाचा पत्ता आणि बॅच नंबर या बाजूला तरी नाही.

ती म्हणते, एक दिवस लावलं नाही तरी चेहरा लाल होऊन जळजळतो. हे स्टेरॉइडच्या सवयीचं लक्षण ना? पाऱ्याचा संशय असताना ते लावत राहणंही नको, आणि एकदम थांबवलं तर भडका उडेल. त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी काय करतात? डबीच्या आणखी कोणत्या बाजूंचे फोटो मागवू? आणि पारा व स्टेरॉइड, दोन्हींची तपासणी एकाच प्रयोगशाळेत होते का?