ग्राहक ‘क्लिक केलं’ म्हणाला, म्हणजे तो कॉम्प्युटरवरच आहे का?

दांडियाबाजारकर: आमच्या हेल्पडेस्कवर नवा नियम निघालाय. ग्राहकाने ‘क्लिक’ लिहिलं तर कॉम्प्युटरच्या पायऱ्या पाठवायच्या, ‘टॅप’ किंवा ‘स्वाइप’ लिहिलं तर फोनच्या. उलट विचारायचं नाही, वेळ जातो. बडोद्यातले बाकीचे लोक हे मान्य कराल का?

रावपुरा_सपोर्ट: क्लिकपुरता तरी हा नियम बादच समजा. आपल्याकडे फोनवर बोट लावलं तरी लोक क्लिकच म्हणतात, मराठीत बोलोत नाहीतर गुजरातीत. नेहमी येणारी तक्रार घ्या: ‘बिलाच्या लिंकवर क्लिक केलं, खाली स्क्रोल करून डाउनलोड केलं, पीडीएफ सापडत नाही.’ नियमाप्रमाणे तुम्ही सांगणार, क्रोममध्ये `Ctrl+J` दाबा. तो अँड्रॉइडवर असेल तर त्याला तीन ठिपक्यांतून Downloads मध्ये जायला हवं. आयफोनवर सफारीत असेल तर फाइल बहुधा Files ॲपच्या Downloads फोल्डरमध्ये. तीन वेगळ्या वाटा, आणि त्याच्या वाक्यातली क्लिक आणि स्क्रोल ही दोन्ही क्रियापदं तिन्हीकडे चालतात. स्क्रोल तर माउसच्या चाकानेही होतं, टचपॅडनेही, अंगठ्यानेही.

अलकापुरी_७७: क्लिकचं पटलं. पण स्वाइप म्हणजे फोनच की! कॉम्प्युटरवर कोण स्वाइप करतं?

मांडवी_दुकानदार: आमच्याकडे रोज करतात. कार्ड स्वाइप झालं, पैसे कापले, पावती नाही. याला फोनचं उत्तर देऊन काय उपयोग?

अलकापुरी_७७: काका, ते मशीन वेगळं. इथे स्क्रीनवर बोट फिरवण्याचं चाललंय.

रावपुरा_सपोर्ट: काकांचा मुद्दा अगदीच बाजूला टाकू नका, तोच शब्द तिसऱ्याच यंत्राबद्दल आला. तरी तुम्ही अर्धे बरोबर आहात. स्वाइप आणि टॅप फोनकडे झुकतात, क्लिक मात्र कुठेच झुकत नाही. पण झुकणं म्हणजे ठरणं नव्हे. मॅकवर टचपॅडवर दोन बोटं सरकवून लोक मागच्या पानावर जातात, आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर टॅप केलं की क्लिक होतं. शिवाय आपणच आधी ‘सेटिंग्जवर टॅप करा’ असं लिहिलं असेल, तर ग्राहक आपलाच शब्द परत करतो: ‘टॅप केलं, काही झालं नाही.’ तो पुरावा नाही, प्रतिध्वनी आहे.

निझामपुरा_आयटी: एवढा कीस काढायची गरजच नाही. तक्रारीसोबत ब्राउझरची ओळख येते, ती वाचा आणि मोकळे व्हा.

रावपुरा_सपोर्ट: शब्दांपेक्षा ती बरी, पण तीही चकवते. २०१९च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी बहुधा स्वतःला Macintosh म्हणवते. `navigator.maxTouchPoints` बघितलं तर मॅकवर 0 येतो, आयपॅडवर 5, त्यावरून फरक कळतो. पण टचस्क्रीनच्या विंडोज लॅपटॉपवरही तो शून्याहून जास्त येतो, म्हणजे ‘आकडा आला की फोन’ असंही नाही. आणि लॉगमध्ये `click` दिसला म्हणून हुरळू नका: वेबपानावर बोटाने टॅप केलं तरी ब्राउझर `click` हीच घटना नोंदवतो. सगळ्यात मोठी फसगत वेगळीच. कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून माणूस तक्रार फोनवरून लिहितो. तेव्हा ओळख फोनची येते आणि अडचण कॉम्प्युटरची असते.

फतेगंज_मीरा: माझ्या बाबांच्या लॅपटॉपची स्क्रीन टच आहे. ते ‘बोटाने दाबलं’ म्हणतात, आणि समोरचा दर वेळी फोनच्या पायऱ्या सांगतो. यावर काय करायचं?

रावपुरा_सपोर्ट: तुम्ही पहिल्याच ओळीत ‘लॅपटॉपवर’ लिहा. आमच्या बाजूने क्रियापद सोडून आजूबाजूचं वाचायला हवं. ‘राइट क्लिक करून Save as दिलं’, ‘कर्सर वर नेला की नाव दिसतं’, ही वाक्यं कॉम्प्युटरकडे चांगलीच झुकतात. ‘वरून पट्टी खाली ओढली’, ‘फोन आडवा केला की बटण जातं’, ही फोनची किंवा टॅबची. नुसतं ‘वॉट्सॲपवर लिंक आली’ मात्र पुरेसं नाही, वॉट्सॲप कॉम्प्युटरवरही चालतं.

दांडियाबाजारकर: आणि यातलं काहीच नसेल तर? साहेब म्हणणार, विचारलं की ग्राहकाचं उत्तर संध्याकाळी येतं, तोवर तक्रार उघडी.

अलकापुरी_७७: मग तिन्ही वाटा एकदम पाठवून द्या.

रावपुरा_सपोर्ट: पीडीएफसारख्या एका ओळीच्या उत्तराला चालेल: ‘कॉम्प्युटरवर असाल तर हे, अँड्रॉइडवर ते, आयफोनवर ते.’ आठ पायऱ्यांचं काम असेल तर ग्राहक पहिलीच यादी करत बसतो, मग ती त्याची असो-नसो. तिथे विचारा, पण ‘ऑपरेटिंग सिस्टिम कोणती’ असं नको. ‘फोनवर करताय, टॅबवर की कॉम्प्युटरवर? आणि अडचण त्याच यंत्रावर आहे ना?’ एवढंच.

निझामपुरा_आयटी: दुसरा प्रश्न जादा आहे. बहुतेकांना तो कळणारही नाही.

रावपुरा_सपोर्ट: कळेल, ‘यंत्र’च्या जागी त्यांनी सांगितलेलंच नाव घाला. तक्रारीचा फॉर्म तुमच्या हातात असेल, तर तिथेच हे दोन प्रश्न ठेवा, विचारायची वेळच येणार नाही.

दांडियाबाजारकर: फॉर्म आमच्या हातात नाही. साहेबांना दाखवतो हे, पण ते क्लिकवरच अडून बसतील असं वाटतंय.