नमुना नसताना ‘त्यांच्या शैलीत’

>> भाषण, लेख लिहून घेणारे ‘माझ्याच शैलीत लिहून द्या’ म्हणतात, पण स्वतःचं लिहिलेलं एक पान देत नाहीत. मग शैली आणायची कुठून?

वर कोणीतरी ‘साधं, सरळ लिहून मोकळं व्हा’ म्हटलंय, ते निम्मंच पटलं. ती तुमची साधी भाषा होते, त्यांची नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांचं निवृत्तीचं भाषण मी लिहिलं होतं. हातात फक्त त्यांचा निरोप होता : ‘भाषण पाहिजे. पाच मिनिटं. रडारड नको.’ नागपूरचे म्हणून मी ‘काहून’, ‘करून राहिलो’ पेरत गेलो. काका फोनवर म्हणाले, ‘अरे, मी घरी असा बोलतो, माईकवर नाही!’ चूक माझीच. गावाची बोली म्हणजे माणसाची शैली नव्हे. खरा नमुना त्या निरोपातच होता : दोन-दोन शब्दांची वाक्यं, सजावटीचं विशेषण एकही नाही.

मग त्यांना विचारलं, पहिल्या दिवशी ऑफिसात काय झालं? ते बोलत गेले, मी जसंच्या तसं उतरवलं. दर तिसऱ्या वाक्याला ‘आता बघा’ येत होतं. भाषणात ते दोनदाच ठेवलं, जास्त झालं की नक्कल वाटते. मसुदा त्यांनाच मोठ्याने वाचायला लावला. ‘ऋणानुबंध’वर अडखळले, तो शब्द काढला. ‘ओळख’ लिहिलं, सरळ वाचून गेले. अर्थात बोलण्यातून शब्द आणि वाक्याची लांबी कळते. लेख किंवा लांब पत्र असेल तर परिच्छेद ते कसे बांधतात हे त्यातून कळत नाही, तिथे जुना एखादा ईमेल मागावाच लागतो.