शब्दचर्चा: मित्राच्या बढतीच्या पत्राचा मायना

कोरेगावचा मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, सातारा जिल्ह्यात. डी.एड.ला माझ्या खोलीवर राहिलेला मित्र, त्याला इथे दत्तू म्हणतो, सांगली जिल्ह्यात जतकडे नोकरीला लागला आणि परवा त्याला केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली. फोनवर बोललो, पण मला त्याला हाताने पत्र लिहायचं आहे. खोलीवर असताना सुट्टीत गावी गेलो की आम्ही एकमेकांना पत्रंच लिहायचो.

अडलंय ते पहिल्या दोन ओळींत. पहिला खर्डा असा झाला:

"प्रिय मित्र दत्तू यास, स. न. वि. वि. आपल्याला पदोन्नती मिळाल्याचे समजले. ऐकून आनंद वाटला. हार्दिक अभिनंदन!"

बायकोने वाचलं आणि म्हणाली, हे परिपत्रक आहे. मग दुसरा लिहिला:

"काय साहेब! शेवटी झालास की केंद्रप्रमुख. आता आम्हाला ओळख दाखवशील ना?"

यावर ती म्हणाली, याला जळल्याचा वास येतो. खरं सांगतो, माझ्या मनात तसं काही नाही. माझ्या जिल्ह्यात माझा नंबर अजून लांब आहे, पण त्याचं नाव यादीत बघून मला स्वतःचं आल्यासारखं वाटलं. मग शब्दांत तो वास कुठून आला? आणि पहिल्या खर्ड्यातला आनंद कुठे गेला?

मिरजेचा

सर, हे घ्या, असंच्या असं वापरा: "आमचे मार्गदर्शक, सन्माननीय श्री. दत्तू सर यांची केंद्रप्रमुख पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार." खाली दोन फोटो बसतात, आडवा फलक घेतला तर तीन.

कोरेगावचा मास्तर

धन्यवाद, पण फलक नको आहे. पत्र आहे, तो एकटा वाचणार आहे.

मेणवलीकर

मी मोडीतली जुनी पत्रं वाचतो, त्या सवयीने तुमचा पहिला खर्डा दोनदा वाचला. आनंद कुठे गेला ते दाखवता येतं.

पहिलं म्हणजे "यास". पेशवाईतल्या पत्रांत वर "राजश्री अमुक गोसावी यांसी" असं येतं. ते पत्र कुणाला आहे हे सांगणारं वाक्य आहे, त्या माणसाला मारलेली हाक नाही. जासूद, कारकून, वाचून दाखवणारा अशा दहा हातांतून जाणाऱ्या कागदाला ते हवंच होतं. तोच "यांसी" पुढे शाळेच्या पत्रलेखनात "यास" होऊन राहिला. तुम्ही "दत्तू यास" लिहिता तेव्हा दत्तूबद्दल तिसऱ्या कुणाला तरी सांगत असता. नुसतं "दत्तू," लिहा, तो लगेच समोर येतो.

दुसरं, "पदोन्नती मिळाल्याचे समजले". यात घडलेली गोष्ट क्रियापदातून काढून "मिळाल्याचे" या नामात कोंबली आहे. मुख्य क्रिया काय उरली? समजणे. म्हणजे वाक्याचा सगळा भार तुमच्या समजण्यावर, त्याच्या होण्यावर नाही. बातमीदार असंच लिहितात आणि त्यांनी लिहावंही, कारण त्यांना जबाबदारी अंगावर घ्यायची नसते. तुम्हाला काय अडचण आहे? "तू केंद्रप्रमुख झालास." कर्ता तो, क्रिया त्याची.

तिसरं, "आनंद वाटला". वाटला आणि झाला यांत फरक आहे. सभेत पाहुणे म्हणतात, इथे येऊन आनंद वाटला. तो सभ्य, बेताचा, बाहेरून आलेला आनंद. "आनंद झाला" म्हटलं की तो आत घडलेला असतो. "वाटला" खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण खोलीवर राहिलेल्या मित्राला तो पुरत नाही.

आणि "आपल्याला"! ज्याच्याशी आयुष्यभर अरे-तुरे, त्याला बढती मिळाल्याबरोबर आपण? वाचणाऱ्याला तिथेच थंड वाटेल.

सेवानिवृत्त अण्णा

मला वाटतं मूळ चूक "स. न. वि. वि." ही आहे. त्याचा अर्थ सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विनंती म्हणजे काहीतरी मागणं. अर्ज असेल तर ठीक, अभिनंदनात आपण काय मागतोय? म्हणून ते व्याकरणानेच चुकीचं आहे.

मेणवलीकर

अण्णा, अक्षरांची फोड बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तिथली विनंती म्हणजे मागणं नव्हे, सांगणं. जुन्या पत्रात "विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे" असं यायचं. नमस्कार झाला, आता मजकुराकडे वळतो, एवढंच त्याचं काम. आनंदाच्या पत्रातही ते सर्रास लिहीत. ते चूक नाही. पण आज चार अक्षरं आणि चार टिंबं उरली आहेत, आणि ज्या ओळीत तुमचा आवाज ऐकू यायला हवा तिथे टिंबं नकोत, म्हणून मी काढा म्हणेन.

सेवानिवृत्त अण्णा

मान्य. पण मग नमस्कार कुठे? नमस्काराशिवाय पत्र सुरू करणं माझ्या हाताला जमणार नाही. घरात त्याचे वडील असतील, ते पत्र उचलून वाचतील.

कृष्णाकाठची

मी सांगलीत सरकारी दवाखान्यात आहे. अधिपरिचारिकेची परिसेविका झाले तेव्हा एका जुन्या मैत्रिणीचं पत्र आलं. पहिलंच वाक्य: "नशीब काढलंस बाई!" पुढे दोन पानं प्रेमाने लिहिलेली होती, पण मी त्या ओळीच्या पुढे नीट जाऊच शकले नाही. वीस वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या मी. नशीब काढणं आपण कशाला म्हणतो? चांगलं स्थळ मिळालं, लॉटरी लागली. त्यात माझं काम कुठे आलं? तिला तसं म्हणायचं नसणार, हे आज कळतं. तेव्हा वर्षभर बोलले नाही तिच्याशी.

मास्तर, तुमच्या दुसऱ्या खर्ड्यातला "शेवटी" मला तसाच टोचला.

मेणवलीकर

ताई, नेमकं बोललात. तो वास तिथूनच येतो. "शेवटी झालास" म्हटलं की आधी होत नव्हतास, व्हायला उशीर झाला, हे न बोलता आलं. "एकदाचा" तर त्याहून वाईट. आपण म्हणतो, गेला एकदाचा, संपलं एकदाचं. नकोशी गोष्ट संपल्याचा सुस्कारा आहे त्यात.

पुढचं वाक्य बघा. "आता आम्हाला ओळख दाखवशील ना?" बढतीच्या दुसऱ्याच वाक्यात दत्तू गायब आणि "आम्ही" हजर. शिवाय "मी" नाही, "आम्ही". त्या एका शब्दाने तो वर आणि बाकी सगळे खाली अशी पायरी तयार झाली. "साहेब"सुद्धा त्याच पायरीवर उभा आहे. तोंडावर हसत म्हणाल तर गंमत होईल, कागदावर हसू उमटत नाही.

तासगावकर

सगळं खरं, पण "झालास की" काढू नका राव! ते आपलं आहे. आपल्याकडं "येतो की", "जेवलो की", "हाय की" म्हणतात, त्यातला "की" म्हणजे त्यात काय शंका! पुण्याकडच्याला तो प्रश्न वाटतो, पण जतच्या माणसाला नाही वाटणार. "शेवटी" काढा आणि नुसतं "झालास की रं!" ठेवा, बघा कसं उजळतं.

आणि सुरुवात "गड्या" अशी करा.

सेवानिवृत्त अण्णा

गड्या नको. गडी म्हणजे शेतावरचा सालगडी. अधिकारी झालेल्या माणसाला गडी म्हणायचं?

तासगावकर

अण्णा, सालगडी हा एक अर्थ झाला. कबड्डीत "गडी बाद" म्हणता तेव्हा कोण नोकर असतो? सवंगडी म्हणता तेव्हा? सोबत खेळणारा, बरोबरीचा, तो गडी. बढतीच्या पत्रात बरोबरी सांगणारा यापेक्षा चांगला शब्द मला तरी माहीत नाही.

मेणवलीकर

दोन्ही अर्थ जिवंत आहेत, म्हणून हे दोघांच्या सवयीवर सोडावं. मास्तर, खोलीवर तुम्ही त्याला काय हाक मारायचात? तीच लिहा. या पत्रासाठी नवी हाक शोधलीत तर ती कितीही गोड असली तरी त्याला वाटेल, बढतीमुळे हाक बदलली.

कोरेगावचा मास्तर

दत्तूच म्हणायचो. चिडलो की दत्त्या.

"अभिनंदन" या शब्दाचं काय करू? तो आला की माझं वाक्य परत फलकावर जातं.

मेणवलीकर

शब्द बिचारा चांगला आहे. त्यात नंद् आहे, आनंदातलाच धातू. अभि म्हणजे त्याच्याकडे तोंड करून. पण "हार्दिक"शी जोडून तो इतक्या फलकांवर चढलाय की ते दोन शब्द आता एकाच शिक्क्यासारखे उमटतात. "हार्दिक" सोडवा, आणि अभिनंदन पहिल्या ओळीतून खाली न्या. पहिल्या ओळीत तुम्हाला बातमी कळली तेव्हा तुम्ही काय केलंत ते लिहा. आनंदाचं नाव घेण्यापेक्षा ते खरं वाटतं, आणि त्यात "मी" आला तरी टोचत नाही. ओळख मागणारा "मी" आणि आनंदाने उडालेला "मी" वेगळे.

कोरेगावचा मास्तर

शनिवारी सकाळच्या शाळेत यादीचा फोटो आला. पाचवीच्या वर्गावर होतो. आता असं लिहिलंय:

"दत्तू,
झालास की रं! शनिवारी तुझं नाव वाचलं आणि वर्गातच ओरडलो. पोरं दचकली. म्हटलं, माझा दत्तू केंद्रप्रमुख झाला. त्यांना कळलं काहीच नाही, पण टाळ्या वाजवल्या. त्या तुझ्या आहेत, पाठवतोय. येताना कंदी पेढे मीच आणणार, तू सांगू नकोस. मनापासून अभिनंदन, दत्त्या."

बायकोने वाचलं. काही बोलली नाही, पाकीट आणून दिलं.

कृष्णाकाठची

"टाळ्या तुझ्या आहेत" हे वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. काही बदलू नका.

तासगावकर

एक शंका. "माझा दत्तू" म्हणताना जरा मालकी येते का? की मलाच वाटतंय?

मेणवलीकर

मला नाही वाटत. पोरांसमोर बोललेलं वाक्य आहे, जसं बोलला तसंच राहू द्या. पण मी त्या "शेवटी"बद्दल अजून विचार करतोय. समजा दत्तूची बढती चार वर्षं रखडली असती आणि दोघांनी मिळून वाट पाहिली असती, तर "शेवटी झालास!" हे मलाही चालेल. वाट कुणी पाहिली यावर ते ठरतं.

कृष्णाकाठची

मला तरीही नको. रखडलेल्याला रखडल्याची आठवण त्या दिवशी कशाला?

सेवानिवृत्त अण्णा

आणि नमस्कार अजून आलेला नाही.

कोरेगावचा मास्तर

अण्णा, तो शेवटी घातलाय: "ती. अण्णांना व आईंना साष्टांग नमस्कार." त्याच्याही वडिलांना आम्ही अण्णाच म्हणतो. उद्या सकाळी पेटीत टाकतो.

सेवानिवृत्त अण्णा

तुमच्या स्वतःच्या आईवडिलांना ती. म्हणजे तीर्थरूप. मित्राच्या वडिलांना तीर्थस्वरूप. "ती." लिहून टिंब दिलंत तर दोन्ही वाचता येतं, तसंच ठेवा.