नामस्मरण: जिभेचे की कामात गुंतलेल्या चित्ताचे?

कौस्तुभ: शीख परंपरेत नामस्मरण म्हणजे 'वाहेगुरू'चा जप, असे मी ऐकत आलो आहे, परंतु गुरू नानकांच्या जपुजी या रचनेच्या आरंभीच्या मूलमंत्रात हा शब्दच नाही. मग स्मरण नेमके कशाचे करायचे?

वसुधा: माझ्या मते हे सरळ अद्वैत आहे. एकच ओंकार सत्य आणि जग मिथ्या, म्हणून नाम घेत जगातून मन काढून घ्यायचे.

हरजीत, नांदेड: एकत्वाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, जगाविषयी नाही. मूलमंत्र एकच्या आकड्याने सुरू होतो आणि लगेच त्या एकाला 'करता पुरखु' म्हणतो. आणि गुरू नानक 'आसा दी वार' या रचनेत 'सचे तेरे खंड सचे ब्रहमंड' असे म्हणून त्या कर्त्याची सृष्टीही खरी ठरवतात. पुढे 'निरभउ, निरवैरु' येते, कारण दुसरा कोणी नसेल तर भ्यायचे कोणाला आणि वैर धरायचे कोणाशी? हे भान व्यवहारात न सुटणे म्हणजे स्मरण, असे मी समजतो. 'वाहेगुरू' हा शब्द गुरू ग्रंथ साहिबातील भट्ट कवींच्या सवैयांत आणि शीख कवी भाई गुरदासांच्या वार या काव्यांत भेटतो. आज जप त्याचाच होतो, आणि त्यात विसंगती नाही.

श्रीधर: मी रोज माळेवर विठ्ठलनाम घेतो. हरजीतजींच्या हिशेबाने माझी माळ व्यर्थच म्हणायची!

मनप्रीत: माळेचा प्रश्न येथे नव्हता, पण जपाला असे दुय्यम ठरवणे मलाही पटत नाही. जपुजीच्या बत्तिसाव्या पौडीत, म्हणजे कडव्यात, एका जिभेच्या लाख, लाखाच्या वीस लाख जिभा व्हाव्यात आणि प्रत्येकीने लाख लाख वेळा जगदीशाचे एकच नाम उच्चारावे, असे म्हटले आहे. याहून स्पष्ट आज्ञा कोणती हवी?

हरजीत, नांदेड: त्याच पौडीची शेवटची ओळही वाचावी: 'नानक नदरी पाईऐ, कूड़ी कूड़ै ठीस'. प्राप्ती कृपादृष्टीने होते, बाकी खोट्याची खोटी बढाई. मूलमंत्रही 'गुर प्रसादि' म्हणूनच थांबतो. जप व्यर्थ नाही, श्रीधरराव. संख्येचा अभिमान व्यर्थ आहे. आपल्या नामदेवांचाच प्रसंग गुरू ग्रंथ साहिबात, कबीरांच्या श्लोकांमध्ये आहे. कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस, असे संत त्रिलोचन विचारतात. नामदेव उत्तर देतात की, मुखाने राम सांभाळ, हातापायांनी सर्व काम कर आणि चित्त निरंजनापाशी ठेव.

मनप्रीत: म्हणजे नामदेवांनीही मुख वगळलेले नाही! शिवाय सर्व काही कृपेनेच मिळत असेल, तर चौथ्या पौडीत पहाटेच्या अमृतवेळी सत्यनामाचा विचार करायला का सांगितले आहे?

हरजीत, नांदेड: मुखाचा मुद्दा मान्य. अमृतवेळेबाबत मात्र त्याच पौडीत पुढे मोक्षद्वार 'नदरी'नेच, म्हणजे कृपादृष्टीनेच, मिळते असे आहे. प्रयत्न आणि कृपा यांत आधी काय, याचे उत्तर मला त्या ओळींतून काढता आलेले नाही.